खांद्यावरचा एक

तोंडावर आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो आणि पाठीमागे पट्टीताई. संगणकावर कुठलाही तक्ता उघडला की ती खणातून पारदर्शक प्लास्टिकची पट्टी काढायची, पडद्यावर आडवी धरायची आणि मगच ओळ वाचायला घ्यायची. पडद्यावर डाग पडतात म्हणून साहेबांनी तिला एकदा हटकलं. दुसऱ्या दिवशी ती पडदा पुसायला घरून फडकं घेऊन आली. पट्टी काही सुटली नाही.

माझं टेबल तिच्या शेजारी. माझी जीभ सैल, तिची गाठ मारलेली, म्हणूनच आमचं जमलं असावं. दोन बडबड्या बायका एका खोलीत असत्या तर कामाचे तीनतेरा वाजले असते.

आमची खोली आरोग्य खात्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. खिडक्या मोठ्या, पण निम्म्या गठ्ठ्यांनी झाकलेल्या. काम असं की खात्याचे जुने वार्षिक अहवाल संगणकात आणायचे. ते अहवाल छापील होते आणि त्यांच्या मूळ फाइली ज्या संगणकांत होत्या ते केव्हाच भंगारात गेले होते. अहवालांची बांधणी इतकी जाड की पुस्तक सपाट उघडत नसे. मग दोन माणसांना गोदामात बसवून पानापानाचे फोटो काढून घेतले. ते फोटो म्हणजे एकेक नमुना होता. कुठे सावली, कुठे अंगठा, कुठे पानाचा तळच गायब, आणि शिवणीजवळ तर सगळ्या ओळी वर चढलेल्या. फोटो आधी यंत्र वाचायचं आणि त्याने काढलेले आकडे आम्ही फोटोशी ताडून पाहायचो. बरोबर असला की त्यापुढे हिरवी खूण करायची. ती एकदा केली की आकडा पक्का.

यंत्र तसं हुशार होतं, पण त्याला एक गोष्ट कळत नसे. छापील तक्त्यात काही आकड्यांच्या उजव्या खांद्यावर एक बारीकसा आकडा बसलेला असतो. तो मोजायचा नसतो. तक्त्याच्या खाली याच आकड्याची एक टीप आहे, ती वाचा, एवढंच तो सांगत असतो. यंत्राला मात्र आकडा दिसला की तो आकडाच. ते दोघांना एका रांगेत बसवायचं. सात आणि त्याच्या खांद्यावर तीन, की झाले त्र्याहत्तर.

आमच्यात एक जण होता, त्याला आम्ही टाय म्हणायचो, कारण आम्हा सगळ्यांत गळ्यात टाय बांधून येणारा तो एकटा. त्याने यावर एक तोडगा काढला. शेवटचा आकडा बाकीच्यांपेक्षा वर दिसला की तो खूण समजायचा आणि छाटायचा, असा नियम त्याने यंत्राला घालून दिला. आठवडाभर तो छाती काढून फिरत होता. मग कळलं की शिवणीजवळ जिथे पान वाकतं तिथे खरेखुरे आकडेही वर चढतात, आणि एकतीस खाटांच्या दवाखान्यात आता तीनच खाटा उरल्या आहेत. आजार परवडला पण औषध आवरा, अशी गत झाली.

तेव्हा ताईने त्याला आपल्या खुर्चीत बसवून दाखवलं होतं. मी ऐकत होते.

"उंचीवर जाऊ नको," ती म्हणाली. "वाकलेल्या पानात सगळंच वर जातं. आकार बघ. खूण बाकीच्या आकड्यांपेक्षा बारीक असते. मग पट्टी उभी धर. या रकान्यात सगळ्यांचे एकक एकाखाली एक आलेत ना? खूण त्या रांगेच्या बाहेर लोंबते. तेवढ्यावरही थांबू नको. खाली त्या नंबरची टीप आहे का बघ, आणि शेवटी बेरीज करून बघ. तक्त्याखालची बेरीज सहसा खोटं बोलत नाही."

"आणि खूण आहे असं कळलं की उडवायची ना?"

"उडवायची कशाला? तिला शेजारी वेगळा रकाना दे आणि टीप पूर्ण उतरव. छापणाऱ्याने ती उगाच नाही बसवलेली."

टायला एकदा पटलं की तो मन लावून करायचा. दुसऱ्या दिवशी इमारतींच्या क्षेत्रफळाच्या रकान्यात 'मीटर'च्या खांद्यावरचा दोन पाहून तो सकाळभर दोन नंबरची टीप शोधत बसला. तो दोन चौरस मीटरचा होता. ताई त्या दिवशी मनापासून हसली. ती हसते कशी हे आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तेव्हाच पाहिलं.

हसायला तिच्याकडे फारसं काही नव्हतं. लग्न केलं नव्हतं. घरात ती आणि आई. धाकटी बहीण होती, ती नऊ वर्षांपूर्वी गेली. तेव्हा त्यांची आई शहरापासून लांब, डोंगरापलीकडच्या एका वस्तीत राहायची. धाकटी बाळंतपणाला तिच्याकडे गेली आणि तिथल्या छोट्या प्रसूतिगृहात दगावली. बाळही वाचलं नाही. नंतर ताईने आईला आपल्याकडे आणलं. मी त्यांच्याकडे गेले की म्हातारी मला शेजारी बसवून घ्यायची. तिचं सगळं बोलणं फिरून फिरून एकाच वाक्यावर येऊन थांबायचं. "त्या नर्सने माझी पोर मारली." ताई तेव्हा कधी हो म्हणाली नाही आणि कधी नाहीही म्हणाली नाही. उठून चहा टाकायला जायची.

ती नर्स अजून तिथेच होती. त्या प्रसूतिगृहाचा सगळा कारभार तिच्या एकटीच्या अंगावर. वस्तीतली माणसं तिला नर्सबाई म्हणत.

त्या वर्षी खात्याने एक समिती नेमली. लहान प्रसूतिगृहं किती ठेवायची आणि किती बंद करायची हे ती ठरवणार होती आणि त्यासाठी तिला गेल्या दहा वर्षांचे आकडे हवे होते. किती बाळंतपणं झाली, किती आया दगावल्या. ते आकडे आमच्याच खोलीतून जायचे होते. नऊ वर्षांपूर्वीच्या अहवालाचं ते पान ताईच्या वाट्याला आलं. मुद्दाम कुणी दिलं नव्हतं. गठ्ठ्यातून येईल ते पान आम्ही घेत असू.

पान वाईटच होतं. तळ कापलेला, त्यामुळे बेरीजही नाही आणि टिपाही नाहीत. मृत्यूंचा रकाना शेवटचा, शिवणीला लागून, सगळा वाकडातिकडा. सतरा प्रसूतिगृहांची यादी. चौथ्या ओळीत डोंगरापलीकडचं प्रसूतिगृह, बाळंतपणं तीनशे चाळीस आणि यंत्राने वाचलेले मृत्यू अकरा. बाराव्या ओळीत यंत्राने त्र्याहत्तर वाचले होते. ताईने ते पकडले आणि सात केले. चौथ्या ओळीवर तिने हिरवी खूण केली आणि पुढे गेली.

आकडे समितीकडे गेले. महिनाभराने समितीच्या निर्णयाचा मसुदा आमच्या साहेबांच्या टेबलावर आला आणि साहेबांच्या टेबलावरचं काहीही आमच्यापर्यंत यायला वेळ लागत नाही. डोंगरापलीकडचं प्रसूतिगृह बंद करावं. एका वर्षात अकरा माता दगावल्या हे अक्षम्य आहे. प्रभारी नर्सची चौकशी व्हावी.

ताईने मसुदा वाचला आणि मला परत दिला. पट्टी काढून ती पुढच्या पानाला लागली. मी मात्र संध्याकाळी तिच्या घरी गेले तेव्हा ही बातमी म्हातारीच्या कानावर घातली. मला वाटलं, बिचारीच्या जिवाला जरा बरं वाटेल. म्हातारीने माझे दोन्ही हात धरले.

"अकरा," ती म्हणाली. "बघ. मी म्हणत होते ना? एकटी माझीच पोर नव्हती. अकरा जणी."

तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ओझं उतरल्यावर माणूस जसा खाली बसतो तशी ती बसली होती. ताई दारात उभी राहून पाहत होती.

चार दिवसांनी नर्सबाई आमच्या कचेरीत आल्या. चौकशीआधी लेखी म्हणणं द्यायला बोलावलं होतं. पन्नाशी उलटलेली बाई, पांढरी चप्पल, हातात कापडी पिशवी. साहेबांनी त्यांना आमच्याच खोलीत बसवलं, कारण आकडे आमचे होते.

"मला भांडायचं नाही," नर्सबाई म्हणाल्या. "मला फक्त नावं हवीत. त्या वर्षीची माझी एकच बाई गेली, तिचं नाव मी झोपेतही सांगेन. बाकीच्या दहा जणी कोण ते मला सांगा. आमच्याकडची जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्ली, नाहीतर मीच काढून आणली असती. दहा बाया माझ्या हाताखाली मेल्या आणि मला एकीचंही तोंड आठवत नसेल, तर मला तिथे ठेवूच नका."

साहेब म्हणाले, "बाई, आमच्याकडे फक्त आकडे असतात. नावं नसतात."

नर्सबाईंनी मान हलवली. मग त्यांची नजर पलीकडच्या टेबलावर गेली आणि तिथेच थांबली. ताई पट्टी हातात धरून बसली होती.

"तुम्ही तिच्या थोरल्या बहीण ना," नर्सबाई हळूच म्हणाल्या.

ताईने मान हलवली, तेवढंच. नर्सबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पिशवी उचलून गेल्या. वस्तीची गाडी दिवसातून एकदाच सुटायची, ती चुकली असती तर त्यांना मुक्काम करावा लागला असता आणि तिकडे दोन जणींचे दिवस भरलेले होते. प्रसूतिगृह बंद झाल्यावर त्या दोघींसारख्या बायांनी कुठे जायचं, हा प्रश्न मसुद्यात नव्हता.

दुपारी डबा खायची वेळ झाली तरी ताई उठली नाही. मी दोनदा हाक मारली, मग तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर तेच पान होतं.

"इकडे बघ," ती म्हणाली. "नवव्या ओळीत प्रसूतिगृहाच्या नावावर खूण आहे. कितीची?"

"दोन."

"बाराव्या ओळीत, सातावर?"

"तीन. ती तर तूच काढलीस."

"मग एक कुठे आहे?"

मला कळायला क्षणभर लागला. टिपा वरून खाली क्रमाने लागतात. दोन आहे, तीन आहे, म्हणजे एक असलाच पाहिजे आणि तो दोनच्या आधी, पहिल्या आठ-नऊ ओळींत कुठेतरी असला पाहिजे. मी वरून पाहत आले. पहिल्या ओळीत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या ओळीत नाही. चौथ्या ओळीत अकरा. पाचवीपासून आठवीपर्यंत परत स्वच्छ.

"मोठं कर," मी म्हटलं.

तिने मोठं केलं. शिवणीजवळची ओळ वर चढत गेली होती, त्यामुळे दुसरा एक वर होता यात काही नवल नव्हतं. पण तो पहिल्यापेक्षा बारीकही होता. ताईने पट्टी उभी धरली. वरच्या आणि खालच्या ओळींचे एकक पहिल्या एकाच्या रेषेत येत होते. दुसरा एक बाहेर लोंबत होता.

"ताई," मी म्हटलं, "हे तुला त्या दिवशी दिसलं नाही?"

तिने पट्टी खाली ठेवली.

"दिसलं असेल," ती म्हणाली. "मी पाहिलं नाही. अकरा वाचलं आणि मला बरं वाटलं. अकरा असतील तर ती बाईच वाईट. मग आमच्याकडे बघायचं कारण उरत नाही."

"तुमच्याकडे म्हणजे?"

मग तिने सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. धाकटीला कळा सुरू झाल्या तेव्हा आई म्हणाली, मी दोघींना घरीच जन्म दिला, पहिलटकरणीला वेळ लागतोच. शेजारणी म्हणाल्या, घेऊन जा. आई म्हणाली, थांबा. प्रसूतिगृह हाकेच्या अंतरावर होतं. नेलं तेव्हा धाकटीला बोलताही येत नव्हतं. ताई शहरातून पोचली तोवर सगळं आटपलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती आणि त्या नर्सचं नाव घेत होती.

"मी तिथे काय म्हणणार होते?" ताई म्हणाली. "एक पोर गेली होती. दुसरीने आईलाच दोष दिला असता तर ती जगली नसती. मी गप्प बसले. मग गप्प बसायची सवय झाली. पुढे पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं."

मी पडद्यावरचं पान खालपर्यंत सरकवलं. मी म्हटलं, "तळ कापलेला आहे. टीप दिसत नाही, बेरीज नाही. तू काही म्हटलं नाहीस तर कुणालाही कळणार नाही."

"हो," ती म्हणाली. "मलाही सकाळपासून तेच सुचतंय." आणि उठून साहेबांच्या खोलीत गेली.

दार अर्धं उघडं होतं. "चौथ्या ओळीची हिरवी खूण चुकीची आहे, ती मी केली," ती म्हणाली. "त्या वर्षी तिथे जी बाई गेली ती माझी बहीण. ते पान मी तपासायलाच नको होतं." साहेब चांगले माणूस होते, पण गोंधळले की चष्मा पुसत. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"समितीला मी अंदाज पाठवू शकत नाही," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता एक. यंत्र म्हणतं अकरा. टीप कुठे आहे?"

"पुस्तकात."

"मग पुस्तक बघा. पण तुम्ही एकट्या बघू नका. हिला घेऊन जा, आणि वाचायचं हिने."

अहवालांचं गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथल्या गोदामवाल्याने आधी आमचं ओळखपत्र पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, मग पुन्हा ओळखपत्र. पुस्तकाचं नाव सांगितल्यावर त्याने सुस्कारा सोडला. "ते फोटोवाले येऊन गेल्यापासून एकही खंड जागेवर नाही," तो म्हणाला. तरी अर्ध्या तासात त्याने तो शोधून आणला आणि आमच्यापुढे ठेवला. "शिवण ताणायची नाही. तुटली तर माझ्या गळ्याशी येईल."

शिवण ताणायची गरज पडली नाही. ताईने पुस्तक खिडकीकडे नेलं, पान बोटांनी हलकेच सपाट केलं आणि स्वतः मागे सरकून उभी राहिली.

"तू वाच," ती म्हणाली.

फोटोत जे ओढूनताणून बघावं लागत होतं ते कागदावर लहान मुलालाही दिसलं असतं. चौथ्या ओळीत एक, आणि त्याच्या खांद्यावर एक बारीक एक. मी आधी बेरीज पाहिली. शेवटच्या रकान्याखाली एकोणतीस. माझ्याजवळच्या कागदावर मी सतरा ओळी जुळवून पाहिल्या. अकरा धरले तर एकोणचाळीस येत होते, एक धरला तर बरोबर एकोणतीस. मग मी खाली गेले. तीन टिपा होत्या, बारीक अक्षरांत. मी पहिली वाचली.

"'केंद्रातील एकमेव मृत्यू. रुग्णास घरी दोन दिवस प्रसूतिवेदना झाल्यानंतर अत्यवस्थ स्थितीत दाखल केले. प्रभारी परिचारिकेने रुग्णास मोठ्या रुग्णालयात नेण्यासाठी वाहन मागवले होते. ते पोचण्यापूर्वी मृत्यू.'"

ताई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर नुसतं एक आवार होतं, दोन मोडक्या गाड्या उभ्या होत्या. तिने विचारलं, "वाहन मागवलं होतं असं लिहिलंय?"

"हो."

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाकीचं होतं." मग ती रडली. मोठ्याने नाही, पण लपवूनही नाही. गोदामवाला लगबगीने दुसऱ्या रांगेत काहीतरी शोधायला गेला. भला माणूस.

पानाचा फोटो या वेळी मी काढला. तळासकट.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवली. चौथ्या ओळीची हिरवी खूण साहेबांनी स्वतः काढली. मृत्यूंच्या रकान्यात एक, खुणेच्या रकान्यात एक, आणि टिपेच्या रकान्यात ती चार वाक्यं शब्दशः. टाइप मी केलं, कारण ताईने त्या पानाला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. टीप उतरवताना मी तिला विचारलं की हे सगळं घालायचं का, आकडा सुधारला की काम झालंच होतं. ती म्हणाली, "नुसता एक ठेवलास तर समितीतला कुणी विचारेल की ही एक तरी का गेली. नर्सबाईंना परत बोलावतील." म्हणून सगळं घातलं.

समितीने मसुदा बदलला. प्रसूतिगृह राहिलं. चौकशी झाली नाही. साहेबांनी नर्सबाईंना फोन केला तेव्हा ताई समोरच उभी होती. साहेबांनी तिला फोन देऊ केला. तिने घेतला, आणि म्हणाली, "चूक माझी होती. आणि तुम्ही गाडी मागवली होती, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही." पलीकडून काय आलं मला ऐकू आलं नाही. ताई बराच वेळ नुसती ऐकत होती.

त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "घरी चल. अकराची गोष्ट तू सांगितली होतीस. आता एकाची सांगताना तू शेजारी पाहिजेस." माझ्या बोलण्याची मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी गेले.

म्हातारी तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती. ताई तिच्यासमोर स्टुलावर बसली.

"आई, त्या वर्षी तिकडे अकरा जणी गेल्या नाहीत. एकच गेली."

"कोण?"

"आपली."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या नव्हत्याच. तो वाचण्यातला घोटाळा होता. माझाच."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"म्हणजे त्या बाईला सोडून दिलं," ती म्हणाली.

"तिला धरण्यासारखं काही नव्हतं, आई."

म्हातारी रागावेल, ओरडेल, असं मला वाटलं होतं. ती नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"पुस्तकात आपल्या पोरीबद्दल काही लिहिलंय?" तिने विचारलं.

ताईने पर्समधून कागद काढला. टीप तिने स्वतःच्या अक्षरात उतरवून आणली होती. तिने ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सावकाश वाचली. घरी दोन दिवस, हे शब्द आले तेव्हाही तिचा आवाज बदलला नाही. गाडीपाशी मात्र तो जरा अडला.

मी उठून जाऊ लागले. म्हातारीने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"दोन नाही," म्हातारी म्हणाली. "तीन. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, आई, आता ने. मी म्हटलं, जरा थांब."

ताई स्टुलावरून उठली आणि आईच्या पायाशी जाऊन बसली.